योगायोग की पाळत? : वारंवार होणाऱ्या भेटींचा निवाडा

(पंचायत समिती सदस्य, सरपंच, मुख्याध्यापक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता किरकोळ वाटेल. एखादी शिक्षिका मुख्याध्यापकांकडे येते आणि म्हणते, "सर, तो माणूस मला रोज भेटतो. बसमध्ये भेटतो, वाचनालयात भेटतो. त्याने मला काही केलेले नाही. पण मला भीती वाटते." मुख्याध्यापक काय म्हणतात? बहुधा दोहोंपैकी एक. "बाई, गाव लहान आहे, माणसे भेटणारच," हे पहिले उत्तर. "कोण आहे तो? बघून घेतो आम्ही," हे दुसरे. दोन्ही उत्तरे निकाल आधी देतात आणि विचार मागाहून करतात. पहिल्या उत्तराने त्या बाईंना बदलीचा अर्ज करावा लागतो किंवा वाचनालय सोडावे लागते. दुसऱ्या उत्तराने कदाचित एखाद्या निरपराध तरुणाला चारचौघांत मार बसतो. म्हणून निकाल देण्यापूर्वी तपासावे कसे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू.

भेटींची संख्या काय सांगते?

अशा तक्रारीत आपण पहिला प्रश्न विचारतो तो "किती वेळा भेटला?" हा. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी निरुपयोगी आहे. तालुक्याच्या गावाहून सकाळी एकच सोयीची एस. टी. सुटत असेल, तर तिने जाणारी माणसे रोज तीच असणार. दोन प्रवासी आपापल्या कारणाने आठवड्याच्या सहा दिवसांपैकी पाच दिवस त्या गाडीने जातात असे धरा. एकाला दुसऱ्याची गंधवार्ताही नाही. तरीही महिन्याच्या २५ कामाच्या दिवसांत ते सुमारे १७ दिवस एकाच गाडीत असतील. सतरा भेटी! ऐकणाऱ्याला हा आकडा भयंकर वाटेल. पण त्याच गाडीतील प्रत्येक नेहमीच्या प्रवाशाशी त्या बाईंची अशीच सतरा दिवस गाठ पडलेली असते. ती कोणी मोजलेली नसते, इतकेच.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७२ साली अशा माणसांना 'परिचित अपरिचित' या अर्थाचे नाव दिले. रेल्वेच्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रे घेऊन ती त्याच वेळी त्याच स्थानकावर येणाऱ्या प्रवाशांना नंतर दाखविण्यात आली. ज्यांच्याशी आपण कधी एक शब्दही बोललो नाही अशा माणसांचे चेहरे बहुतेकांनी ओळखले. पुढे सिंगापूर येथील बस प्रवाशांच्या इलेक्ट्रॉनिक तिकिटांच्या नोंदींवरून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसले. ज्यांची एकदा गाठ पडली, त्यांची पुन्हा गाठ पडते ती बहुधा त्याच वेळी, दिवसांच्या ठरावीक अंतराने. याचे कारण साधे आहे. माणूस घड्याळाला आणि आपल्या कामाला बांधलेला असतो.

मनाचाही येथे एक खेळ असतो. एखादा चेहरा खटकला की त्यानंतर तो प्रत्येक वेळी दिसतो. तो दिसला नाही, ते दिवस मात्र स्मरणात राहत नाहीत. त्यामुळे "रोज दिसतो" हे विधान प्रामाणिक असले, तरी ते मोजून केलेले नसते. याचा अर्थ त्या बाईंची भीती खोटी आहे असा मुळीच नाही. माणसाचे वागणे खटकण्यास नजर, हालचाल, जवळ येण्याची पद्धत अशी अनेक कारणे असतात आणि ती पुष्कळदा खरी ठरतात. एवढेच, की केवळ संख्येवरून कोणत्याच बाजूने निर्णय होत नाही.

खरा प्रश्न कोणता?

मग निर्णय कशावरून व्हावा? माझ्या मते प्रश्न असा विचारला पाहिजे : ही माणसाची भेट जागेला आणि वेळेला बांधलेली आहे, की त्या व्यक्तीला बांधलेली आहे?

जो माणूस स्वतःच्या कामासाठी ९.२० च्या गाडीने जातो, तो बाई रजेवर असल्या तरी त्याच गाडीने जाईल. बाईंनी गाडी बदलली तर तो त्यांना भेटणार नाही. उलट, जो भेट घडवून आणतो, त्याचे वेळापत्रक बाईंच्या वेळापत्रकाबरोबर हलते. त्या नसल्या तर तोही नसतो. त्या लवकर निघाल्या तर तोही लवकर निघतो. म्हणून नित्यक्रम जसाचा तसा चालू आहे, तोवर या दोन माणसांतील फरक दिसूच शकत नाही. क्रम मोडला की तो दिसू लागतो.

हे व्यायामशाळेच्या एका साध्या प्रकारावरून ध्यानात येईल. तालुका क्रीडा संकुलात सकाळी ६ ते ७ च्या तुकडीत येणाऱ्या एका मुलीला तिकडचाच एक तरुण नेहमी दाराशी भेटतो. तिने संध्याकाळची तुकडी घेतली. तीन आठवडे गेले, तरुण संध्याकाळी एकदाही आला नाही. सकाळी मात्र तो पूर्वीप्रमाणे येत राहिला. प्रकरण येथे संपले. तो सकाळच्या तुकडीचा माणूस होता, त्या मुलीच्या मागावर नव्हता. त्या तीन आठवड्यांपूर्वी कोणी त्याला बोलावून दटावले असते, तर केवढा अन्याय झाला असता!

एक उदाहरण सविस्तर

आता जरा गुंतागुंतीचे उदाहरण घेऊ. ते समजुतीसाठी रचलेले आहे, परंतु त्यातील प्रत्येक गोष्ट आपल्या पाहण्यातील आहे.

एक शिक्षिका तालुक्याच्या गावी राहतात आणि १४ किलोमीटरवरील खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर जातात. सकाळी दोन गाड्या आहेत, ८.३० ची आणि ९.२० ची. बाई नेहमी ९.२० च्या गाडीने जातात. शनिवारी सकाळची शाळा आटोपून संध्याकाळी त्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलावयास जातात. एक पुरुष त्यांना गाडीत दिसतो आणि वाचनालयातही दिसतो. गाडीत तो दोनदा शेजारच्या आसनावर येऊन बसला आणि त्याने दूरध्वनी क्रमांक विचारला. बाईंनी उत्तर न देता तोंड फिरवले.

मुख्याध्यापकांनी त्यांना प्रथम एक वही करावयास सांगितले. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, आधी कोण आले, काय बोलणे झाले आणि जवळ कोण होते, एवढे लिहावयाचे. नोंद त्याच दिवशी करावयाची. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या दिवशी तो दिसला नाही त्या दिवसाचीही नोंद करावयाची. हा शेवटचा नियम सामान्यतः विसरला जातो. न भेटलेल्या दिवसांवाचून भेटलेल्या दिवसांना अर्थ नसतो.

पहिले दोन आठवडे बाईंनी आपला क्रम बदलला नाही. सोमवार ते शुक्रवार अशा दहा दिवसांपैकी आठ दिवस तो ९.२० च्या गाडीत होता. शनिवारची शाळा निराळ्या वेळी असल्याने ते दिवस गाडीच्या हिशेबात धरले नाहीत. वाचनालयात दोन्ही शनिवारी तो दिसला. एवढ्यावरून काय ठरले? काहीही नाही. त्याची कचेरी त्याच रस्त्यावर असेल. शनिवारी संध्याकाळी साप्ताहिके वाचावयास येण्याची त्याची जुनी सवय असेल.

पुढील दोन आठवड्यांत क्रम मोडला. पण तो कसा मोडला हे पाहण्यासारखे आहे. बाईंनी "सोमवारी लवकर, मंगळवारी उशिरा" असे ठरविले असते, तर ते कोणाशी तरी बोलण्यात आले असते किंवा दोन दिवसांत ताडता आले असते. म्हणून त्यांनी रोज सकाळी आठ वाजण्यापूर्वी घरातच नाणे उडविले. छाप पडला तर ८.३० ची गाडी, काटा पडला तर ९.२० ची. हे नाणे त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. निवड चिठ्ठीसारखी झाली, की तिचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही. मग जो माणूस तरीही बरोबर त्याच गाडीत सापडतो, तो अंदाजाने आलेला नसतो, पाहून आलेला असतो.

बाई स्वतः ज्या गाडीत नाहीत, त्या गाडीत तो आहे की नाही हे कोण पाहणार? नेहमी ८.३० च्या गाडीने जाणारे एक सहशिक्षक आणि नेहमी ९.२० च्या गाडीने जाणाऱ्या एक आरोग्यसेविका यांना मुख्याध्यापकांनी एवढेच सांगितले, की अमुक मनुष्य आपल्या गाडीत असेल तर तारखेसह टिपून ठेवावे. कारण सांगितले नाही. साक्षीदाराला आपण काय शोधीत आहोत हे ठाऊक नसले, म्हणजे त्याची नोंद अधिक निर्मळ राहते.

दहा दिवसांचा हिशेब असा आला. बाई सहा दिवस ८.३० च्या गाडीने गेल्या आणि चार दिवस ९.२० च्या. तो मनुष्य दोन दिवस कोणत्याच गाडीत नव्हता. उरलेल्या आठ दिवसांपैकी पाच दिवस तो ८.३० च्या गाडीत आणि तीन दिवस ९.२० च्या गाडीत होता, आणि आठही दिवस तो बाई ज्या गाडीत होत्या त्याच गाडीत होता.

आता गणित करू. त्याने आपली गाडी बाईंकडे न पाहता निवडली असती, तर नाणेफेकीमुळे एका दिवशी गाठ पडण्याची शक्यता निम्मी. दोन दिवस ओळीने जुळण्याची पाव, तीन दिवस जुळण्याची एकअष्टमांश. याप्रमाणे निम्मे करीत गेल्यास आठही दिवस जुळण्याची शक्यता २५६ मध्ये १ येते. महिनाभरातील सतरा भेटींनी जे सिद्ध झाले नव्हते, ते या आठ भेटी सांगतात. भेटींची संख्या कमी झाली, पण तिचा पुरावा म्हणून भार वाढला.

तथापि या आकड्याचा अर्थ नेमका घ्यावा. निव्वळ योगायोगाने असे घडण्याची शक्यता २५६ मध्ये १ आहे, एवढेच तो सांगतो. त्या मनुष्याचा हेतू काय, हे तो सांगत नाही. शिवाय ज्याच्याविषयी नोंद ठेवावयाची तो मनुष्य आधी निश्चित झालेला पाहिजे. गाडीतील पन्नास चेहऱ्यांची नोंद ठेवून त्यांपैकी ज्याचे दिवस अधिक जुळले त्याच्याकडे मागाहून बोट दाखविले, तर पन्नासांत एखाद्याचे बरेच दिवस जुळणे मुळीच आश्चर्याचे नाही.

सहशिक्षकांच्या टिपणात आणखी एक ओळ होती आणि गणितापेक्षा ती अधिक बोलकी होती. ज्या दिवशी बाई ९.२० ने गेल्या, त्यांपैकी दोन दिवशी तो मनुष्य सव्वाआठपासून स्थानकासमोरील चहाच्या टपरीवर बसलेला होता. ८.३० ची गाडी त्याच्यासमोरून निघून गेली, तरी तो उठला नाही. ज्याला खरोखर त्या रस्त्याने कामावर जावयाचे आहे, तो समोरची मोकळी गाडी सोडून पाऊण तास चहा पीत बसत नाही.

वाचनालयाचा निकाल मात्र उलट लागला. बाईंनी त्या दोन आठवड्यांत शनिवारऐवजी बुधवारी पुस्तके बदलली. तो बुधवारी आला नाही. ग्रंथपालांनी हजेरीची नोंदवही स्वतः पाहिली. ती दुसऱ्याला दाखविण्याचे कारण नव्हते आणि त्यांनी दाखविलीही नाही. बाई सभासद होण्यापूर्वीच्या शनिवारांपासून त्या मनुष्याच्या सह्या होत्या आणि बाई आल्या नाहीत त्या शनिवारीही होत्या. म्हणजे वाचनालयातील गाठ हा योगायोग होता आणि गाडीतील गाठ हा योगायोग नव्हता. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाचा हिशेब स्वतंत्र ठेवला पाहिजे. तक्रारीत वाचनालयाचा प्रसंगही घातला असता, तर तो खोडून निघाला असता आणि त्याबरोबर खऱ्या भागावरचाही विश्वास उडाला असता.

आधी कोण आले?

वहीतील "आधी कोण आले" हा रकाना कशासाठी, असे काहींना वाटले असेल. तो मनुष्य बाईंच्या मागाहून येत असेल, तर तो डोळ्यांनी पाहून मागे येतो. तो आधीच येऊन बसलेला असेल, आणि तेही नेहमीच्या नव्हे तर नव्याने ठरलेल्या ठिकाणी, तर त्याला कोठून तरी आगाऊ माहिती मिळते. आपल्या उदाहरणात तो टपरीवर बसून वाट पाहत होता आणि बाई चढल्यानंतर चढत होता. म्हणजे ते पाहून मागे येणे होते.

आगाऊ माहिती मिळत असेल, तर ती वाट शोधावी लागते. शाळेच्या फलकावरील कामाचे वेळापत्रक, प्रशिक्षणाच्या तारखा टाकलेला व्हॉट्सॲपचा गट, घरातील एखाद्याशी सहज झालेले बोलणे, या साध्या वाटा झाल्या. मोबाईलमध्ये आपले ठिकाण दुसऱ्याला दाखविण्याची सोय असते. ती कोणासाठी चालू आहे हे पाहावे. नाण्याएवढे ठिकाणदर्शक उपकरण पिशवीत किंवा दुचाकीच्या आसनाखाली ठेवल्याचे प्रकारही घडतात. असे काही उपकरण आपल्याबरोबर फिरत असल्याची सूचना आजचे बरेच मोबाईल देतात. ती दुर्लक्षू नये. उपकरण सापडल्यास ते फेकून न देता ठिकाण व वेळ लिहून पोलिसांच्या स्वाधीन करावे.

ही परीक्षा केव्हा करू नये?

नाण्याची परीक्षा संशयाच्या अवस्थेसाठी आहे, धोक्याच्या अवस्थेसाठी नाही. मनुष्याने धमकी दिली असेल, अंगचटीला आला असेल, घराशी येऊन उभा राहत असेल, किंवा त्याला एकदा स्पष्ट नकार दिल्यानंतरही तो बोलावयास येत असेल, तर मोजणी करीत बसण्याचे कारण नाही. तेथे सरळ पोलिसांकडे जावे. परीक्षा करतानाही निर्जन रस्ता किंवा अवेळ निवडू नये. दोन्ही गाड्या वर्दळीच्या होत्या, म्हणूनच ती परीक्षा योग्य होती. त्या मनुष्याला पकडण्यासाठी सापळा लावणे हा तिचा उद्देश नसतो.

बालकांच्या बाबतीत तर ही परीक्षा मुळीच करू नये. अठरा वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक हेतूने वारंवार पाठलाग करणे, पाळत ठेवणे किंवा संपर्क साधणे हा २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. असा गुन्हा घडल्याचे कळले असता तो न कळविणे हाही गुन्हा आहे. शिक्षकाने स्वतः तपास करण्याऐवजी ताबडतोब कळवावयाचे आहे.

कायदा काय मागतो?

पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्या दंडविधानात २०१३ च्या दुरुस्तीने आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शविल्यानंतरही जो पुरुष व्यक्तिगत जवळीक वाढविण्यासाठी पुनःपुन्हा तिच्या मागे जातो आणि तिच्याशी संपर्क साधतो किंवा साधण्याचा प्रयत्न करतो, तो या कलमाखाली येतो. तिच्या इंटरनेटच्या, ई-मेलच्या किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणे हाही त्याच कलमाखालील गुन्हा होय. पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आहे.

या शब्दरचनेत दोन गोष्टींवर भर आहे, अनिच्छेचे स्पष्ट दर्शन आणि त्यानंतरची पुनरावृत्ती. आपल्या उदाहरणातील बाईंनी तोंड फिरविले होते. त्यांच्या मनात तो नकार होता, पण पुढे वाद निघू शकतो. म्हणून आरोग्यसेविका शेजारी असताना त्यांनी एकच वाक्य सांगितले : "मला तुमच्याशी ओळख नको आहे, माझ्याशी बोलू नका आणि माझ्या मागे येऊ नका." कारण दिले नाही, क्षमा मागितली नाही, वाद घातला नाही. कारण दिले की त्याला उत्तर देता येते. "सध्या नको" म्हटले की नंतर येता येते. वाक्य, तारीख आणि साक्षीदाराचे नाव वहीत लिहिले. त्यानंतर त्याच्या कोणत्याही बोलण्यास किंवा निरोपास उत्तर द्यावयाचे नाही. वीस वेळा गप्प राहून एकविसाव्या वेळी रागाने जरी उत्तर दिले, तरी एकवीस वेळा प्रयत्न केल्यावर उत्तर मिळते, एवढाच धडा तो घेतो.

हा नकार म्हणजे दुसरी परीक्षाच होय. खरोखर गैरसमजाने किंवा भाबडेपणाने जवळ आलेला मनुष्य बहुधा येथे थांबतो आणि प्रकरण कोणाचेही नुकसान न होता मिटते. जो थांबत नाही, तो स्वतःच आपली बाजू स्पष्ट करतो. आपल्या उदाहरणातील मनुष्य आठवडाभर दिसला नाही. नवव्या दिवशी तो पुन्हा शेजारच्या आसनावर येऊन बसला आणि बोलू लागला. त्याच दिवशी तक्रार देण्यात आली. वहीच्या पानांची प्रत, दोन सहप्रवाशांची टिपणे आणि नकाराची तारीख सोबत असल्याने "कोणीतरी त्रास देतो" एवढ्या मोघम विधानावर ती तक्रार उभी नव्हती.

तक्रार कोणत्या ठाण्यात द्यावी, गाडी कोणाच्या हद्दीत होती, या प्रश्नावर बाईंना परत पाठविता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते आणि नोंदीची प्रत विनामूल्य मिळते. तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. स्थानकावरील किंवा दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण लागणार असेल, तर ते राखून ठेवण्याविषयी लगेच लेखी विनंती करावी, कारण जुने चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. त्रास देणारा सहकर्मचारी असून प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल, तर कार्यालयाची अंतर्गत समिती किंवा जिल्ह्याची स्थानिक समिती यांच्याकडेही जाता येते. तेथे सामान्यतः तीन महिन्यांची मुदत असते, हे ध्यानात ठेवावे.

आपण काय करू नये?

शेवटी सरपंच, सदस्य आणि मुख्याध्यापक यांच्याविषयी दोन शब्द. असे प्रकरण कानावर आले, की गावबैठक बोलावून दोघांना समोरासमोर उभे करण्याचा आपला कल असतो. त्यात पाठलाग करणाऱ्यास जे हवे असते तेच, म्हणजे त्या स्त्रीची आणखी एक भेट, आपण आपल्या हाताने घडवून देतो. मध्यस्थाकरवी निरोप पाठविणे हेही तसेच. नकार तिने एकदा दिला की निरोपांचा व्यवहार बंद झाला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे बाईंनाच "तुम्हीच वेळ बदला, काही दिवस वाचनालयात जाऊ नका" असे सांगणे. परीक्षेसाठी दोन आठवडे वेळ बदलणे निराळे आणि कोणाच्या भीतीने कायमची बदलणे निराळे. तिसरी चूक म्हणजे संशय असतानाच नाव फोडणे. क्रीडा संकुलातील त्या तरुणाचे नाव तीन आठवडे कोणाच्या तोंडी आले नाही, म्हणून तो आजही मान वर करून सकाळच्या तुकडीत येऊ शकतो.

तेव्हा अशी तक्रार घेऊन कोणी आपल्याकडे आले, तर "किती वेळा" हा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. आपण नसतो तेव्हा तो तेथे असतो का? आपण वेळ बदलली तेव्हा त्याची वेळ बदलली का? आणि त्याला स्पष्ट नकार देऊन झाला आहे का? हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे दररोज लिहून ठेवण्यासाठी शंभर पानांची एक वही त्या व्यक्तीच्या हाती द्यावी. एवढे केले, तर दोन-चार आठवड्यांत बहुतेक प्रकरणांचा निकाल त्या वहीतूनच दिसू लागेल.